वजन वाढवून बाहुली शांत होत नाही

इंदुरात गेम आणि अॅनिमेशन शिकवताना एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कोणी म्हणायच्या आधीच मला ऐकू येतं. "सर, रॅगडॉल फुटतोय. वजन वाढवून बघतो." वजन दहापट होतं, बाहुली तशीच फुटते. मग शंभरपट होतं. शेवटी खापर फिजिक्स इंजिनावर फुटतं.

रॅगडॉल म्हणजे चिंध्यांची बाहुली. अॅनिमेशन चालू असतं तोवर पात्राची हाडं ठरलेल्या हालचाली करतात. पात्र कोसळतं त्या क्षणी अॅनिमेशन बंद करून शरीर भौतिकीच्या हवाली केलं जातं. युनिटीचा रॅगडॉल विझार्ड शरीराचे ११ तुकडे करतो आणि ते १० सांध्यांनी जोडतो. या हस्तांतराच्या क्षणीच हातपाय चहूकडे उडतात.

आधी वजनाचं बघू. सगळ्या तुकड्यांचं वजन दहापट केलं, तर लागणारा जोरही दहापट होतो आणि वेग तोच राहतो. बाहुली त्याच वाटेनं उडते, फक्त वजनदार होऊन. वजनात महत्त्व आहे ते गुणोत्तराला. जोडलेल्या दोन तुकड्यांत दुपटीचा फरक चालतो, दहापटीचा असेल तर थरथर सुरू होऊ शकते. हे माझं मत नाही, युनिटीच्या मॅन्युअलमध्ये सांधे आणि रॅगडॉलच्या स्थैर्यावरच्या पानावर लिहिलेलं आहे. थोडक्यात, १५ किलोच्या कंबरेला थेट १ किलोची मांडी टांगू नका. पण आपली बाहुली फुटते, ती बहुतेक वेळा यामुळेही नाही.

मग कशामुळे? वर्गातलंच उदाहरण घेतो. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यक्रीडा प्रकार, त्यामुळे आमच्या मुलांच्या गेममध्ये कोणी ना कोणी खांबावर चढतंच. एका विद्यार्थ्याचा खेळाडू पायांची अढी घालून खांबाला बिलगलेला होता. पकड सुटून तो खाली यायला हवा होता. प्रत्यक्षात पकड सुटताच एक पाय गच्चीकडे आणि दुसरा जमिनीत गेला.

अढीत गुडघा साधारण १३० अंश वाकलेला होता. विझार्ड मात्र गुडघ्याला मुळात ८० अंशांचीच मर्यादा देतो. म्हणजे भौतिकी सुरू झाली त्या क्षणीच सांधा ५० अंशांनी चुकलेला होता. सॉल्व्हरला मल्लखांब कळत नाही. त्याला चूक दिसते आणि ती तो मिटवायला जातो. युनिटीत एक पायरी ०.०२ सेकंदाची असते. ५० अंश म्हणजे ०.८७ रेडियन. एवढं अंतर एकाच पायरीत कापायचं, तर सेकंदाला सुमारे ४४ रेडियन, म्हणजे सात गिरक्या लागतील. गुडघ्यापासून ४५ सेंटिमीटरवरचा घोटा तेव्हा सेकंदाला २० मीटर वेगानं, ताशी ७० किलोमीटरनं सुटेल. इंजिन कमाल वेगाला लगाम घालतं, म्हणून धक्का काही पायऱ्यांत विभागला जातो, पण शेजारचे सांधे त्यात ओढले जातातच. ज्याला आपण स्फोट म्हणतो, तो हा हिशेब आहे. इंजिन बिघडलेलं नाही. आपण त्याला अशक्य स्थिती देऊन ती तातडीनं शक्य करायला सांगितली.

त्यात दुसरी भर पडते. अढीत मांडी छातीला टेकते, पोटरी खांबात घुसते. थेट जोडलेले दोन तुकडे आपसांत टक्कर मोजत नाहीत, पण मांडी आणि छाती यांच्यामध्ये कंबर आहे, त्यामुळे त्यांची टक्कर मोजली जाते. एकमेकांत रुतलेले कोलायडर इंजिन बाहेर ढकलतं, आणि त्या ढकलण्याची मुळातली कमाल सेकंदाला १० मीटर असते. घसरून पडणाऱ्या माणसाला ती फार झाली.

दोषी कोण, हे ओळखायला तीन चाचण्या पुरतात. गुरुत्व शून्य करा आणि पात्र हात पसरून सरळ उभं असताना, म्हणजे टी-पोझमध्ये, रॅगडॉल सुरू करा. तिथेही फुटला, तर दोष बांधणीत आहे: कोलायडर रुतलेले, वजनांचं गुणोत्तर बिघडलेलं किंवा हाडांना वेडंवाकडं स्केल दिलेलं. टी-पोझमध्ये शांत राहिला, तर तो अढीच्या स्थितीत सुरू करा, पण सगळ्या टकरी बंद ठेवून. फुटला तर दोष मर्यादांचा. शांत राहिला, किंवा मर्यादा सुधारल्यावर शांत झाला, तर टकरी चालू करून पुन्हा बघा. आता फुटला तर दोष रुतण्याचा. आमच्या खेळाडूत शेवटचे दोन्ही दोष निघाले.

उपायही त्याच क्रमानं केले. प्रत्येक क्लिप चालवून प्रत्येक सांध्याचा कमाल कोन नोंदवला आणि मर्यादा त्याच्या थोडी पुढे नेली. माणसाचा गुडघा १३५ अंशांपलीकडेही वाकतो, त्यामुळे १४० ठेवण्यात खोटं काही नाही. उलट्या बाजूची मर्यादा शून्यच ठेवली, नाहीतर गुडघा पुढे वाकतो. मग बदलाचा कोड असा झाला:

```csharp
animator.enabled = false;
foreach (var rb in bodies) {
    rb.maxDepenetrationVelocity = 2f;
    rb.solverIterations = 15;
    rb.isKinematic = false;
}
```

शिवाय मांडी-छाती आणि पोटरी-खांब या जोड्यांची टक्कर `Physics.IgnoreCollision` नं तात्पुरती बंद केली आणि तुकडे वेगळे झाल्यावर पुन्हा चालू केली. त्यानंतर खेळाडू खांबावरून घसरला, गुडघे दुमडून खाली बसला आणि कुशीवर कलंडला. वजनाला कोणी हातही लावला नव्हता.

यात एक खोच आहे. युनिटीत सांध्याचा शून्य अंश म्हणजे सांधा तयार झाला त्या क्षणीची स्थिती. कोणी पडण्याच्या क्षणी सांधे नव्यानं जोडले किंवा ऑब्जेक्ट बंद करून चालू केला, तर १३० अंश वाकलेला गुडघाच सरळ समजला जातो आणि पाय पुढे कधी उलगडतच नाही. म्हणून सांधे टी-पोझमध्ये एकदाच बांधायचे, तुकडे `isKinematic` करून ठेवायचे आणि वेळ आली की फक्त तेवढंच बंद करायचं.

आता उरलेले गैरसमज, भराभर.

"मर्यादा जितकी घट्ट, तितका सांधा खरा." उलट आहे, फार लहान कोनानं सांधा थरथरतो, म्हणून मॅन्युअल ५ ते १५ अंश तरी ठेवा किंवा शून्य करून तो अक्ष बंदच करा, असं सांगतं.

"सॉल्व्हरच्या फेऱ्या वाढवल्या की झालं." १० ते २० फेऱ्यांनी सैल सांधे घट्ट होतात, पण चुकीची सुरुवात बरोबर होत नाही, कधी तीच चूक आणखी निष्ठेनं मिटवली जाते.

"अॅनिमेशनचा वेग आपोआप पुढे जातो." त्यावर विसंबू नका, प्रत्येक हाडाच्या शेवटच्या दोन फ्रेममधलं अंतर भागिले वेळ हा वेग स्वतः द्या, आणि त्याला कमाल घाला, कारण क्लिप बदलताना हाड एक मीटर सरकलं, तर साठ फ्रेमच्या हिशेबानं सेकंदाला ६० मीटर निघतात.

"हे आजच्या इंजिनांचं दुखणं आहे." थॉमस याकोबसेन यांनी 'हिटमॅन: कोडनेम ४७' साठी लिहिलेल्या पात्र-भौतिकीवरचा लेख २००१ चा, आणि सांध्यांची बंधनं फेऱ्याफेऱ्यांनी जुळवत नेणं हाच त्याचा गाभा.

पुढच्या तुकडीत कोणी वजनाच्या चौकटीकडे हात नेला, तर मी आधी विचारणार आहे: सुटण्याच्या क्षणी गुडघा किती अंशात होता?