क्रियापद शेवटून दुसऱ्या जागी

पुण्यात जर्मनचे वर्ग काही आजचे नाहीत. पण 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि नर्सिंग झालेली मुलं, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे वेगळेच विद्यार्थी या भाषेकडे वळू लागले. यातल्या अनेकांचं इंग्रजी बेताचं असतं आणि त्यामुळे आपण मागे पडणार असं त्यांना वाटतं. शब्दसंग्रहाच्या बाबतीत ही भीती थोडी खरी आहे, कारण जर्मन आणि इंग्रजी एकाच कुळातल्या. वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. तिथे मराठी माणसाला इंग्रजीच नडते.

मराठीत क्रियापद शेवटी येतं: मी पुस्तक वाचतो. इंग्रजीत ते कर्ता आणि कर्माच्या मधे बसतं. जर्मनबद्दल शिकाऊ पुस्तकांत पहिलं वाक्य भेटतं ते इंग्रजीसारखं दिसणारं, ‘इश लेर्नं डॉइच’, म्हणजे मी शिकतो जर्मन. (जर्मन शब्दांतला शेवटचा अनुस्वार ‘केलं’, ‘गेलं’ यांतल्यासारखा वाचावा.) हे पाहून विद्यार्थी ठरवून टाकतो की ही इंग्रजीचीच चुलत बहीण, इंग्रजी वाक्यात शब्द बदलले की काम झालं. पुढचे सहा महिने तो या निष्कर्षाची किंमत मोजतो.

जर्मन भाषकांनी रोज वापरलेली दोन वाक्यं पाहू.

इश फारं मॉर्गन मिट डेम बुस नाख पुने.
दास इश मॉर्गन मिट डेम बुस नाख पुने फारं.

पहिल्याचा अर्थ ‘मी उद्या बसने पुण्याला जातो’. दुसरं पूर्ण वाक्य नाही, ते ‘की’ने सुरू होणारं गौण वाक्य आहे: ‘की मी उद्या बसने पुण्याला जातो’. आता दुसऱ्या ओळीखाली मराठी शब्द एकेक मांडून पाहा. दास म्हणजे की, इश म्हणजे मी, मॉर्गन म्हणजे उद्या, मिट डेम बुस म्हणजे बसने, नाख पुने म्हणजे पुण्याला, फारं म्हणजे जातो. एकही शब्द हलवावा लागला नाही. आधी वेळ, मग साधन, मग ठिकाण आणि शेवटी क्रियापद, हा क्रम आपल्या घरचाच आहे. इंग्रजी माणूस हेच वाक्य उलट्या क्रमाने बांधतो, म्हणून त्याला ते डोंगराएवढं वाटतं. मार्क ट्वेनने 1880 साली जर्मन भाषेची थट्टा करणारा जो प्रसिद्ध लेख छापला, त्यात क्रियापदाची वाट पाहत वाक्य वाचत राहण्याचं रडगाणं आहे. मराठी वाचकाला त्यात विशेष काही वाटू नये. ‘मी उद्या सकाळी तुमचे सगळे पैसे घेऊन येणार...’ इथवर ऐकून ‘आहे’ की ‘नाही’ याची वाट पाहण्यात आपला जन्म गेला आहे.

भाषाशास्त्रज्ञांमध्येही 1960 च्या दशकापासून एक विचार रुजला आहे: जर्मनचा मूळ क्रम शेवटी क्रियापद असलेलाच मानावा आणि मुख्य वाक्यात ते तिथून उचलून पुढे आणलं जातं असं समजावं. सगळ्यांना हे मांडणं मान्य नाही. मराठी विद्यार्थ्याला मात्र त्याचा थेट उपयोग आहे, कारण त्याला नवा क्रम शिकायचा उरत नाही. एकच हालचाल शिकायची उरते: शेवटचं क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवायची.

म्हणून माझा पहिला सराव असा असतो. इंग्रजी पूर्ण बाजूला ठेवायची. मराठी वाक्य मोठ्याने म्हणायचं, त्यातले शब्द जागच्या जागी जर्मन करायचे: इश मॉर्गन मिट डेम बुस नाख पुने फारं. हे मुख्य वाक्य म्हणून चूक आहे, पण ते तोंडातून येऊ द्यायचं. त्याच्या आधी ‘दास’ लावलं की ते बरोबर होतं. मग ‘फारं’ शेवटून उचलून ‘इश’च्या लगेच मागे ठेवायचं, की मुख्य वाक्य तयार. कागदाच्या पट्ट्यांवर एकेक तुकडा लिहून, क्रियापदाची पट्टी लाल करून, टेबलावर हे खरोखर सरकवलं तर हात लवकर शिकतो. पोरकट वाटेल, पण तिशीतल्या नर्सेसनासुद्धा हे आवडतं.

‘दुसरी जागा’ म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा तुकडा. घोटाळ्याचं मूळ इथेच आहे. जर्मनमध्ये वाक्याची सुरुवात कर्त्यानेच व्हावी असं बंधन नाही. ‘उद्या’ पुढे आणता येतं, ‘बसने’ही आणता येतं. पण पुढे एकच तुकडा बसतो आणि त्याच्या पाठोपाठ क्रियापद यावंच लागतं. मग कर्ता क्रियापदाच्या मागे सरकतो:

मॉर्गन फारं इश मिट डेम बुस नाख पुने.

पुण्यातला विद्यार्थी इथे हमखास ‘मॉर्गन इश फारं’ म्हणतो. मराठीचा यात थोडा हात आहे, कारण ‘उद्या मी’ आपणही म्हणतो. पण क्रियापद कर्त्याला लगेच चिकटवण्याची सवय इंग्रजीची. तशी ती इतरांनाही आहे. 1970-80 च्या दशकांत इटली, स्पेन, पोर्तुगालमधून जर्मनीत आलेल्या कामगारांच्या बोलण्याचा अभ्यास झाला, तेव्हा तेही हाच ‘उद्या मी जातो’ छापाचा टप्पा बराच काळ सोडत नाहीत आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी ठेवणं त्यांना सगळ्यात उशिरा जमतं, असं दिसलं. त्यांच्या मातृभाषांत क्रियापद मधे येतं. तुर्की आणि कोरियन भाषकांवरच्या नंतरच्या अभ्यासांत सुरुवातीलाच क्रियापद शेवटी येताना आढळलं. या दोन्ही भाषा मराठीसारख्याच क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या. आपण त्यांच्या रांगेत असायला हवं होतं, पण शाळेतली इंग्रजी मधे उभी असते.

यावरचा सराव प्रश्नोत्तरांचा. कोणी विचारतं, कधी जाणार? उत्तराची सुरुवात ‘मी’ने करायला बंदी. वेळ, जागा, साधन, कशानेही सुरू करा, पण दुसरा तुकडा क्रियापद. ‘उद्या सकाळी आठ वाजता’ हा सगळा मिळून एक तुकडा धरायचा. बोलताना एक बोट पहिल्या तुकड्याला मोडायचं आणि दुसरं बोट मोडताना तोंडात क्रियापद नसेल, तर थांबून पुन्हा. लिहिताना सगळ्यांना हे येतं, बोलताना निसटतं, म्हणून सराव तोंडीच हवा.

आता या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. मराठी क्रियापद पुष्कळदा दोन शब्दांचं असतं: येऊ शकतो, जावं लागतं, वाचलं आहे. जर्मनचंही तसंच, आणि गौण वाक्यात त्यांचा क्रमही तोच: ‘येऊ शकतो’साठी ‘कॉमेन कान’, ‘वाचलं आहे’साठी ‘गेलेझन हाबं’. (‘मला जावं लागतं’ मधला ‘मला’ तिकडे ‘इश’ होतो, तेवढा फरक लक्षात ठेवावा.) मुख्य वाक्यात दुसऱ्या जागी जातो तो यातला फक्त शेवटचा शब्द, जो काळाप्रमाणे नि कर्त्याप्रमाणे बदलतो. बाकीचा तिथेच राहतो.

इश कान हॉइटं कॉमेन.

मी शकतो आज येऊ. हॉइटं म्हणजे आज. ‘येऊ’ जागचं हललं नाही.

जर्मन शिकणारे ज्या विलग होणाऱ्या क्रियापदांना घाबरतात, त्यांचंही रहस्य इथेच आहे. फोन करणे या अर्थाचं क्रियापद ‘आनरूफेन’. त्याचं मुख्य वाक्यात तुकडे होऊन ‘इश रूफं डिश मॉर्गन आन’ होतं, तेव्हा तो ‘आन’ शेवटी कुठून आला असा प्रश्न पडतो. ‘मी तुला उद्या फोन करतो’ हे वाक्य घ्या. ‘करतो’ उचलून दुसऱ्या जागी ठेवा: मी करतो तुला उद्या फोन. जिथे ‘फोन’ उरला तिथे ‘आन’ उरला. ‘स्वयंपाक करणे’, ‘मदत करणे’ अशी नाम-क्रियापदाची जोडी आपण दिवसभर वापरतो. त्या दृष्टीने पाहिलं की भीतीचा बराच भाग निघून जातो.

पण मराठीवर सगळा भार टाकता येत नाही. नकार हा पहिला अपवाद. आपला ‘नाही’ क्रियापदाच्याही मागे जातो: ‘कारण मी उद्या येत नाही’. जर्मनमध्ये ‘निश्ट’ क्रियापदाच्या आधी बसतो: ‘वाइल इश मॉर्गन निश्ट कॉमं’. इथे मराठी साचा वापरला की चूक ठरलेली.

दुसरी अडचण ‘कारण’ची. जर्मनमध्ये त्याला दोन शब्द आहेत. ‘वाइल’ क्रियापदाला शेवटी ढकलतो, ‘देन’ ढकलत नाही, त्याच्यामागे साधं मुख्य वाक्यच येतं. आणि, पण, किंवा या अर्थाचे ‘उंट’, ‘आबर’, ‘ओडर’ हेही ‘देन’सारखेच, जागांच्या मोजणीत ते धरायचे नाहीत. जर्मन मंडळी आपापसात बोलताना ‘वाइल’नंतरही कधीकधी क्रियापद दुसऱ्या जागी ठेवतात. ऐकायला येतं म्हणून ते परीक्षेत लिहू नये, गुण जातात.

तिसरी अडचण ‘जर-तर’ची, आणि तिच्यात चांगले चांगले सापडतात. ‘मला वेळ असला तर मी उद्या पुण्याला जाईन’ या अर्थाचं जर्मन वाक्य असं:

वेन इश त्साइट हाबं, फारं इश मॉर्गन नाख पुने.

‘वेन’ने सुरू झालेलं अख्खं गौण वाक्य हाच पहिला तुकडा. म्हणून स्वल्पविरामानंतर लगेच ‘फारं’. आपल्या कानाला ‘तर मी’ ही लय इतकी सवयीची आहे की विद्यार्थी ‘दान इश फारं’ म्हणून मोकळा होतो. ‘दान’ म्हणजे तर. तो घालायला हरकत नाही, पण त्याच्यापुढे क्रियापद हवं: ‘दान फारं इश’. लिहून झाल्यावर तपासायची खूण सोपी आहे. गौण वाक्य आधी आलं आणि ‘दान’ नसला, तर स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापद दिसलं पाहिजे, इथे ‘हाबं’ आणि ‘फारं’. एका बाजूला ‘इश’ दिसला की वाक्य पुन्हा वाचायचं.

हा शेवटचा सराव मी साखळीने घेतो. पहिला विद्यार्थी ‘वेन’चं अर्धं वाक्य म्हणतो आणि क्रियापदावर थांबतो. दुसऱ्याने त्याच क्षणी दुसरं क्रियापद म्हणून सुरुवात करायची, विचार करायला वेळ नाही. त्याचं वाक्य संपलं की तिसऱ्याने त्याचंच ‘दास’वालं रूप करायचं, म्हणजे पुढे आणलेलं क्रियापद परत शेवटी न्यायचं. वर्गात थोडा वेळ गोंधळ उडतो, कोणीतरी हमखास ‘इश’नेच सुरू करतं आणि बाकीचे ओरडतात. हे गरजेचं आहे, कारण जर्मनीतल्या इस्पितळात रुग्णाचा नातेवाईक प्रश्न विचारतो तेव्हा टेबलावर पट्ट्या मांडायला कोणी वेळ देत नाही.