याचा एक चार्ट करून दे

एका शिक्षक मित्राचा रात्री मेसेज आला. एक तक्ता चिकटवलेला आणि खाली एवढंच : "याचा एक चार्ट करून दे, उद्या वर्गात लागेल." तक्ता महाराष्ट्राच्या जनगणनेचा, १९७१ ते २०११. रकाने चार : वर्ष, लोकसंख्या कोटीत, दहा वर्षांतली वाढ टक्क्यांत आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया.

मी तो एक्सेलमध्ये टाकला, सगळा निवडला आणि उभ्या स्तंभांचा चार्ट मागितला. जे उमटलं ते पाहून हसूच आलं. सर्वांत उंच स्तंभ 'वर्ष' या रकान्याचे! एक्सेलला १९७१ हे साल वाटत नाही, आकडा वाटतो. त्याच्या निम्म्या उंचीवर स्त्रियांचं प्रमाण, आणि पाच ते अकरा कोटींची लोकसंख्या तळाशी रेघेसारखी चिकटलेली. वर्षाच्या रकान्याचं शीर्षक पुसून तो कोपरा रिकामा ठेवला की एक्सेल वर्षं आडव्या अक्षावर नेतो. पण तेवढ्याने भागत नाही, कारण कोटी, टक्के आणि हजारी प्रमाण एका मोजपट्टीवर बसतच नाहीत. एकच रकाना निवडावा लागतो.

कोणता? लोकसंख्या घेतली तर ५.०४ कोटींवरून ११.२४ कोटींवर चढत गेलेले स्तंभ दिसतात. वर्गात मुलं म्हणतील, बापरे, किती वाढली! वाढीचा दर घेतला तर १९६१-७१च्या २७.५ टक्क्यांवरून २००१-११मध्ये १६ टक्क्यांपर्यंत घसरण दिसते, आणि तीच मुलं म्हणतील, वेग मंदावला की! दोन्ही खरं आहे, आणि तक्ता तोच आहे.

तिसऱ्या रकान्यात वेगळाच धोका. स्त्रियांचं प्रमाण १९८१ला ९३७ होतं, २००१ला ९२२. फरक फक्त १५चा. आकडे असे जवळजवळ असले की एक्सेल उभा अक्ष शून्यापासून सुरू करत नाही. तो ९१५पासून धरला तर २००१चा स्तंभ १९८१च्या एक तृतीयांश उंचीचा दिसतो. स्तंभाची लांबीच डोळा मोजतो, म्हणून त्याचा पाया शून्यावरच हवा. असा बारीक चढउतार दाखवायचा तर रेषेचा आलेख घ्यावा आणि अक्ष कुठून सुरू होतो ते स्पष्ट लिहावं.

मित्राला मी "स्तंभ की रेषा?" असं विचारलं नाही. त्याचं उत्तर त्याला कुठून असणार? एवढंच विचारलं, "चार्ट बघून मुलांनी काय म्हणायला हवं?" उत्तर लगेच आलं : "लोकसंख्या वाढतेय, पण वेग कमी होतोय."

मग वाढीच्या दराचे पाच स्तंभ काढले, शून्यापासून. अकरा कोटींचा आकडा शीर्षकात घातला. स्त्रियांचं प्रमाण वगळलं आणि तसं त्याला कळवलंही. चार्ट २०११लाच थांबतो, कारण २०२१ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. स्तंभांखाली तेही एका ओळीत लिहिलं.