पाच कोटी जोड्यांतून तीस हजार रेघा

गावोगावी वीज पोहोचवायची आहे आणि तार कमीत कमी लागली पाहिजे. 1926 मध्ये चेक गणिती ओटाकार बोरुव्का यांनी हा प्रश्न सोडवला, तो मोराविया प्रांतातल्या वीजजाळ्यासाठी. गावांना नकाशावरचे बिंदू समजा. सगळे बिंदू एकमेकांशी जोडले जावेत आणि रेघांची एकूण लांबी सर्वांत कमी असावी, एवढीच अट.

आज सर्रास शिकवली जाणारी एक रीत जोसेफ क्रुस्कल यांची, 1956 सालची. सगळ्या रेघा लांबीप्रमाणे चढत्या क्रमाने मांडायच्या आणि सर्वांत आखूड रेघेपासून सुरुवात करायची. रेघेची दोन्ही टोकं आधीच जोडली गेली असतील तर ती सोडायची, नसतील तर घ्यायची. रीत सोपी आहे, पण बिंदू दहा हजार असले तर जोड्या होतात 4 कोटी 99 लाख 95 हजार. तेवढ्यांची लांबी काढून क्रम लावण्यातच वेळ आणि मेमरी संपते. त्यातल्या बहुतेक जोड्या तर नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या, कधीच न लागणाऱ्या.

इथे रशियन गणिती बोरिस डेलॉने यांची 1934 मधली रचना कामी येते. बिंदू जोडून सगळी जागा त्रिकोणांत अशी विभागायची, की कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत दुसरा बिंदू येणार नाही. दहा हजार बिंदूंच्या अशा जाळ्यात जास्तीत जास्त 29,994 रेघा असतात. आपल्याला हव्या असलेल्या सगळ्या रेघा या तीस हजारांतच सापडतात. बाकीच्या कोट्यवधी जोड्यांकडे पाहावंही लागत नाही.

हे इतक्या खात्रीने कसं म्हणता येतं? त्याचं उत्तर मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. समजा, सर्वांत कमी लांबीच्या जाळ्यात अ-ब ही रेघ आहे. ती व्यास धरून वर्तुळ काढा. त्या वर्तुळात किंवा त्याच्या कडेवर क हा तिसरा बिंदू असेल, तर अ-क आणि ब-क या दोन्ही रेघा अ-बपेक्षा आखूड असणार. आता अ-ब पुसून टाका. जाळ्याचे दोन तुकडे होतील आणि क त्यांतल्या एकात असेल. अ-क किंवा ब-क यांपैकी एक रेघ ते तुकडे पुन्हा सांधेल, तेही कमी लांबीत. म्हणजे मूळ जाळं सर्वांत लहान नव्हतंच! म्हणून ते वर्तुळ रिकामंच असायला हवं, आणि ज्या रेघेभोवती असं रिकामं वर्तुळ बसतं ती डेलॉनेच्या जाळ्यात असतेच.

आता एक लहान उदाहरण पाहू. अ(0,0), ब(3,1), क(1,4), ड(6,4), इ(8,1) असे पाच बिंदू घ्या. जोड्या दहा होतात, त्रिकोणांच्या जाळ्यात आठच उरतात: अ-ड आणि क-इ गळतात. लांबीच्या क्रमाने पहिली येते अ-ब, 3.16. मग ब-क आणि ड-इ, प्रत्येकी 3.61. पुढची अ-क, 4.12.

ही अ-क घ्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी प्रत्येक गटाला एक म्होरक्या नेमलेला असतो. सुरुवातीला प्रत्येक बिंदू स्वतःचाच म्होरक्या. दोन गट जोडले की लहान गटाचा म्होरक्या मोठ्या गटाच्या म्होरक्याच्या हाताखाली जातो. आता अ आणि क या दोघांचा म्होरक्या अ हाच आहे, म्हणून अ-क घेतली तर नुसता फेरा होईल. ती सोडली. पुढची ब-ड, 4.24: एकीकडे म्होरक्या अ, दुसरीकडे ड. घेतली. चार रेघा झाल्या, पाचही बिंदू जोडले गेले, एकूण लांबी सुमारे 14.62. उरलेल्या तीन रेघा तपासायची गरजच पडली नाही.

म्होरक्या शोधण्याचा कोड एवढासाच:

```python
def find(x):
    while p[x] != x:
        p[x] = p[p[x]]
        x = p[x]
    return x
```

मधली ओळ जाता जाता वाट आखूड करते, म्हणून पुढच्या वेळी तोच शोध लवकर संपतो. हे आणि लहान गट मोठ्याखाली घालण्याचा नियम, दोन्ही पाळले की लाखो बिंदूंतही हा भाग जवळपास फुकटात होतो. खरा वेळ त्रिकोण आखण्यात आणि क्रम लावण्यातच जातो.

वर्तुळाचा युक्तिवाद सरळ रेषेतल्या अंतरावर उभा आहे. घाटातून वळणं घेत जाणाऱ्या रस्त्याची लांबी मोजायची असेल तर तो लागू होत नाही. अक्षांश-रेखांशही तसेच वापरून चालत नाहीत, कारण पुण्याजवळ रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी आखूड भरतो. ते आधी मीटरमध्ये बदलावे लागतात. त्यातही पुणे यूटीएमच्या 43व्या पट्ट्यात येतं आणि नागपूर 44व्या. दोन पट्ट्यांचे आकडे एकत्र केले तर नकाशाच विस्कटतो.

सर्वांत फसवी चूक मात्र दुहेरी नोंदींची. एकच ठिकाण यादीत दोनदा आलं, तर `scipy.spatial.Delaunay` त्यातली एक नोंद त्रिकोणांत घेतच नाही. कोणतीही तक्रार न करता प्रोग्रॅम पूर्ण होतो आणि एक बिंदू सुटा राहतो. ते ओळखायचं तर घेतलेल्या रेघा मोजाव्यात: n बिंदूंना बरोबर n−1 रेघा हव्यात. कमी भरल्या तर `coplanar` या यादीत पाहावं, गळालेली नोंद तिथे सापडते.