दुसऱ्या पाळीतले मूठभर शेंगदाणे

चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असलेल्या माणसाला संध्याकाळी सहा-सातला हमखास भूक लागते. चहा-बिस्किटांवर भागवलं, तर मैदा आणि साखर लवकर पचतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी पुन्हा पोटात कावळे ओरडू लागतात. भाजलेल्या शेंगदाण्यांतली प्रथिनं, तंतू आणि तेल पोटातून हळूहळू पुढे सरकतात. त्यामुळे रक्तातली साखर एकदम चढत नाही.

प्रमाण मात्र मोजूनच हवं. ३० ग्रॅम दाणे, म्हणजे एक छोटी मूठ, सुमारे १७० कॅलरी देतात. १०० ग्रॅमचा पुडा बोलता बोलता संपला, तर साधारण पाच मध्यम पोळ्यांएवढी ऊर्जा पोटात गेली! म्हणून घरूनच छोट्या डबीत मोजून न्यावेत. एकदा वजनकाट्यावर मोजले की पुढे नजरेला अंदाज येतो.

अख्खे दाणे चावताना काही पेशी फुटत नाहीत आणि त्यांतलं थोडं तेल न पचताच बाहेर पडतं. बदामाचंही तसंच, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०१२ च्या अभ्यासात बदामातून प्रत्यक्ष मिळालेली ऊर्जा हिशेबापेक्षा बरीच कमी भरली. कूट किंवा पीनट बटरमध्ये पेशी आधीच फुटलेल्या असतात, त्यामुळे ही सवलत तिथे फारशी मिळत नाही. चिक्कीत वर गूळही असतो.

खारे दाणे टाळलेले बरे, विशेषतः रक्तदाब असेल तर. बुरशीचा वास आलेला किंवा कडू लागलेला दाणा थुंकून टाका. त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.