शफलमध्ये तोच गायक पुन्हा पुन्हा का येतो?

शंभर गाण्यांची एक प्लेलिस्ट घ्या. त्यात लता मंगेशकरांची २० गाणी आहेत, उरलेली ८० वेगवेगळ्या लोकांची. शफल दाबलं की थोड्याच वेळात लताबाईंची दोन गाणी लागोपाठ येतात. मग मध्ये दुसरी पाच-सहा, आणि पुन्हा दोन, कधी तर तीन. अशा वेळी बहुतेकांच्या मनात एकच शंका येते: हे ॲप गाणी नीट पिसतच नाही, किंवा मुद्दाम काही गायकांना पुढे ढकलतंय.

ही शंका तपासता येते, आणि त्याला शाळेतलं गणित पुरतं. आधी साधा शफल काय करतो ते पाहू.

भिशीची सोडत आठवा. डब्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या, डोळे मिटून एक काढायची. जिचा नंबर लागला तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही. साधा शफल हेच करतो: शंभर गाण्यांच्या शंभर चिठ्ठ्या, एकेक काढत जायची, आणि ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने वाजवायची. या पद्धतीला फिशर-येट्स शफल म्हणतात. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली ती कागद-पेन्सिलीने करायची कृती म्हणून दिली होती. पुढे १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टेनफेल्ड यांनी तिचं संगणकाला सोयीचं रूप मांडलं. या पद्धतीत प्रत्येक क्रम यायची शक्यता अगदी सारखी असते. म्हणजे 'रँडम' या शब्दाचा गणिती अर्थ ती पूर्णपणे पाळते.

आता लताबाईंचं एक गाणं नुकतंच वाजलं असं समजा. डब्यात उरलेल्या ९९ चिठ्ठ्यांपैकी १९ त्यांच्याच आहेत. पुढची चिठ्ठी त्यांची निघण्याची शक्यता १९/९९, म्हणजे जवळजवळ पाचात एक. डब्याला आत्ता कोण गाऊन गेलं हे आठवत नाही. 'आत्ताच झालं ना, आता दुसरं कोणीतरी' हा विचार आपला आहे, डब्याचा नाही.

अशी संधी पूर्ण प्लेलिस्टभरात साधारण २० वेळा येते, कारण त्यांची २० गाणी आहेत. २० वेळा पाचात एक म्हणजे चारच्या आसपास. नेमका हिशोब केला तर सूत्र फार सुटसुटीत निघतं. प्लेलिस्टमध्ये एकूण N गाणी आणि त्यातली k एका गायकाची असतील, तर लागोपाठ येणाऱ्या जोड्यांची सरासरी संख्या अशी:

```
k × (k − 1) / N
```

आपल्या उदाहरणात २० × १९ / १००, म्हणजे ३.८. तीन गाणी सलग आली तर त्यात दोन जोड्या मोजायच्या. सलग तीन येण्याची सरासरी ०.६९ निघते, म्हणजे प्लेलिस्ट तीनदा पूर्ण ऐकली तर असे साधारण दोन प्रसंग यायलाच हवेत. आणि लताबाईंची कुठलीही दोन गाणी एकदाही शेजारी न येण्याची शक्यता? एक टक्क्याहूनही कमी.

हा शेवटचा आकडा पटत नसेल तर छोटं उदाहरण हाताने करून बघा. दहा गाणी, त्यातली चार लताबाईंची. बाकीची सहा गाणी एका ओळीत मांडा. त्यांच्या आधी, मध्ये आणि शेवटी मिळून सात फटी तयार होतात. चारही गाणी एकमेकांना न चिकटता बसवायची तर प्रत्येक गाणं वेगळ्या फटीत गेलं पाहिजे. सातातून चार फटी निवडायचे ३५ मार्ग आहेत. कुठलीच अट नसेल तर दहा जागांमधून चार निवडायचे २१० मार्ग. ३५ भागिले २१० म्हणजे सहात एक. सहापैकी पाच वेळा कुठेतरी दोन गाणी शेजारी येणारच. इतक्या छोट्या यादीतही!

थोडक्यात, जिथे आपल्याला ॲप बिघडल्यासारखं वाटतं, तिथे ते बहुधा चोख काम करत असतं. आपल्याला हवा असतो सारखा पसरलेला क्रम, आणि त्याला आपण रँडम म्हणतो. गणिताच्या रँडममध्ये मात्र पुंजके असतातच. कधीच पुंजके न दिसणारा क्रम असेल तर उलट संशय घ्यावा, कुणीतरी तो मुद्दाम लावला आहे.

स्पॉटिफायने नेमकं हेच केलं. तिथे आधी फिशर-येट्सच होता. 'तुमचा शफल रँडम नाही' अशा तक्रारी येत राहिल्या, आणि २०१४ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी लेख लिहून पद्धत बदलल्याचं सांगितलं. मूळ कल्पना मार्टिन फिडलर यांच्या २००७ च्या एका लेखावरून घेतलेली. ती समजायला वर दिलेली दहा गाणीच पुन्हा घेऊ: लता मंगेशकर ४, आशा भोसले ३, सुधीर फडके २, वसंतराव देशपांडे १.

कपडे वाळत घालायची १०० सेंटिमीटरची दोरी आहे असं समजा. प्रत्येक गायकाची गाणी या दोरीवर सारख्या अंतराने टांगायची. लताबाईंची चार, म्हणजे अंतर २५. आशाबाईंची तीन, म्हणजे अंतर ३३. फडक्यांची दोन, म्हणजे ५०. पण सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली तर पहिल्याच जागेवर चौघांची गर्दी होईल, म्हणून प्रत्येकाची सुरुवात चिठ्ठी काढून ठरवायची. शिवाय अंतर अगदी काटेकोर ठेवलं तर क्रम यांत्रिक वाटेल, म्हणून प्रत्येक गाणं दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे सरकवायचं. समजा जागा अशा आल्या:

लता: १२, ३३, ६१, ८४
आशा: ७, ४०, ७०
फडके: २७, ८०
वसंतराव: ५२

आता दोरी डावीकडून उजवीकडे वाचा: आशा, लता, फडके, लता, आशा, वसंतराव, लता, आशा, फडके, लता. एकही जोडी शेजारी नाही. लताबाईंचं कुठलं गाणं कुठल्या जागी बसेल हे मात्र चिठ्ठीनेच ठरतं, त्यामुळे क्रम दर वेळी वेगळा लागतो.

याची किंमतही आहे. असा क्रम थोडा ओळखता येतो. लताबाईंचं गाणं संपलं की पुढचं त्यांचं नसणार, हे जवळजवळ नक्की. साध्या शफलमध्ये असं काहीच सांगता येत नाही. म्हणजे जास्त रँडम वाटावं म्हणून रँडमपणा कमी करावा लागला.

पसरवण्याला मर्यादाही आहेत. १०० पैकी ६० गाणी एकाच गायकाची असतील तर उरलेल्या ४० मुळे फटीच ४१ होतात. ६० गाणी ४१ फटींत बसवायची म्हणजे किमान १९ वेळा ती लागोपाठ येणार, पद्धत कितीही हुशार असो. दुसरी अडचण आपल्याकडच्या गाण्यांत जास्त जाणवते. पद्धतीला आवाज ऐकू येत नाही, ती फक्त 'कलाकार' या रकान्यातलं नाव वाचते. सिनेमाच्या गाण्यात त्या रकान्यात पहिलं नाव कधी गायिकेचं असतं, कधी संगीतकाराचं. पद्धत पहिलंच नाव बघत असेल तर तोच आवाज दोनदा लागोपाठ येईल, आणि तिच्या लेखी ते दोन वेगळे कलाकार असतील.

आता 'स्मार्ट शफल' या नावातला गोंधळ. हे नाव दोन अगदी वेगळ्या गोष्टींना मिळालं आहे. ॲपलने २००५ मध्ये आयट्यून्समध्ये या नावाची एक पट्टी दिली होती. ती सरकवून एकाच गायकाची किंवा अल्बमची गाणी लागोपाठ येण्याची शक्यता कमी-जास्त करता यायची. म्हणजे आपण आत्ता पाहिलं त्याच जातीचं काम. स्पॉटिफायने २०२३ मध्ये आणलेला Smart Shuffle मात्र तुमच्या यादीचा नुसता क्रम लावत नाही. तो यादीत नसलेली, तुमच्या आवडीशी जुळतील असं त्याला वाटणारी गाणी मधेमधे घालतो. सुरू करताना कंपनीने सांगितलेलं प्रमाण, १५ हून जास्त गाण्यांच्या प्लेलिस्टसाठी, दर तीन गाण्यांमागे एक असं होतं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वरचं सगळं गणित तुमची यादी बंद डब्यासारखी आहे असं धरून केलंय. बाहेरून गाणी येऊ लागली की डब्यात कोणाच्या किती चिठ्ठ्या आहेत हे तुमच्या हातात राहत नाही. मग एखादा गायक वारंवार येत असेल तर तो योगायोग असेल किंवा शिफारशीचा परिणाम असेल, आणि सूत्राने ते सांगता येणार नाही. तेव्हा तपासणी करायची तर आधी Smart Shuffle बंद करा.

मग रांगेतली पुढची गाणी उघडून शेजारच्या जोड्या मोजा. आपल्या शंभर-वीसच्या यादीत साध्या शफलने साधारण १ ते ७ जोड्या येणं स्वाभाविक आहे. दर वेळी ० किंवा १ येत असेल तर गाणी पसरवली जात आहेत. दर वेळी दहा-बारा येत असतील तर मात्र काहीतरी गडबड आहे. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका, निदान पाच-सहा वेळा नव्याने शफल करून बघा. रांग पूर्ण दिसत नसेल तर जेवढी गाणी दिसतात तेवढ्यांच्या प्रमाणात अपेक्षा कमी करा: निम्मी दिसली तर सरासरी १.९.

आणि ३.८ वर विश्वास बसत नसेल तर पायथॉनमध्ये हे चालवा. random.shuffle आतून फिशर-येट्सच वापरतं.

```python
import random
gani = ["L"]*20 + ["x"]*80
jodya = 0
for _ in range(10000):
    random.shuffle(gani)
    jodya += sum(gani[i] == gani[i+1] == "L" for i in range(99))
print(jodya / 10000)
```

दहा हजार वेळा पिसून उत्तर ३.८ च्या अगदी जवळ येईल. मग 20 च्या जागी तुमच्या लाडक्या गायकाचा आकडा घाला, 80 च्या जागी उरलेल्यांचा (दोन्ही मिळून १०० ठेवा), आणि तुमच्या फोनवर मोजलेल्या जोड्यांशी ताडून बघा.