पेपर छापला, पण शिफारसपत्र काय म्हणतं?

अमेरिकेत पीएचडी करायचं ठरवलेली मुलं-मुली ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की एक प्रश्न हमखास विचारतात: अर्जाआधी नावावर एखादा पेपर हवाच ना? तोवर डिसेंबरची मुदत तीन-साडेतीन महिन्यांवर आलेली असते. एवढ्या वेळात पेपर छापून देणारी नियतकालिकं हवी तेवढी मिळतात. पैसे भरले की आठवड्याभरात पेपर छापून येतो, सोबत प्रमाणपत्रही मिळतं. घरच्यांना वाटतं, अर्ज भक्कम झाला. तो भक्कम झालेला नसतो, उलट बऱ्याचदा थोडा कमकुवतच झालेला असतो. असं का, हे समजायचं तर त्या अर्जाची फाइल पलीकडे कोण उघडतं आणि काय वाचतं, हे माहीत हवं. आपल्याकडची बरीच मुलं कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करतात, म्हणून मी मुख्यतः त्याच विषयाबद्दल लिहितो.

बहुतेक विद्यापीठांची मुदत 1 ते 15 डिसेंबरच्या दरम्यान संपते. फाइलमध्ये गुणपत्रकं, सीव्ही, 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाचा दोनेक पानांचा निबंध आणि तीन शिफारसपत्रं असतात. ती वाचणारे विभागातलेच प्राध्यापक असतात. मोठ्या विभागांकडे हजारोंनी अर्ज येतात, त्यामुळे पहिल्या वाचनात एका फाइलच्या वाट्याला काही मिनिटंच येतात. आता निवड झालेल्या विद्यार्थ्याची फी आणि दरमहाचं मानधन पाच-सहा वर्षं विभागाला, किंवा त्याच्या मार्गदर्शकाच्या संशोधन अनुदानाला, उचलावं लागतं. म्हणून वाचणाऱ्याच्या मनात एकच शंका असते: उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नाशी हा विद्यार्थी वर्षानुवर्षं झुंजेल का? परीक्षेतल्या गुणांवरून हे कळत नाही, कारण परीक्षेतल्या प्रश्नांची उत्तरं कुणाला तरी आधीच माहीत असतात.

पेपर हा या शंकेवरचा एक पुरावा आहे, पण एकमेव नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्राध्यापक मोर हार्चोल-बाल्टर यांनी अर्जदारांसाठी लिहिलेली एक मार्गदर्शिका अनेक वर्षं विद्यार्थी वाचत आले आहेत. वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठांसाठी संशोधनाचा अनुभव लागतो, असं त्या ठामपणे सांगतात. मात्र अनुभव म्हणजे छापलेला पेपर नव्हे, हेही त्या तितक्याच स्पष्टपणे लिहितात. संशोधनातून निष्कर्ष निघालेला नसला तरी चालतो. तुम्ही काय केलंत, हे तुमच्या निबंधातून आणि प्राध्यापकांच्या पत्रातून वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

सीव्हीवर पेपरची ओळ दिसली की वाचणारा तीन गोष्टी पाहतो: पेपर कुठे आला, नावांच्या यादीत विद्यार्थी कितवा आहे, आणि मार्गदर्शक त्याबद्दल काय लिहितो. यातली तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार, आणि आपल्याकडे तिकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

एक खरं उदाहरण घेऊ. 2021 मध्ये पुण्याच्या 'एल3क्यूब' या उपक्रमातून विद्यार्थ्यांनी मराठी ट्वीटचा एक संच प्रसिद्ध केला. सुमारे 16,000 ट्वीट, आणि प्रत्येकाला हाताने लावलेली खूण: भावना सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ. पेपर एका आंतरराष्ट्रीय परिषदेला जोडून झालेल्या कार्यशाळेत आला. मुख्य परिषदेपेक्षा कार्यशाळेचा मान कमी, पण तिथेही पेपर त्या विषयातले लोक तपासतात, आणि समितीतल्या माणसाला ती कार्यशाळा ओळखीची असते. मराठीत असा खुला संच हाताशी नव्हता, तो तयार झाला आणि इतरांना वापरता आला. पदवीच्या वयात करता येण्याजोगं चांगलं काम कसं असतं, याचा हा नमुना म्हणावा लागेल. प्रश्न लहान, नेमका आणि खराखुरा आहे.

आता अशाच एखाद्या कामावर दोन विद्यार्थी आहेत, असं समजू. हे दोघे माझ्या कल्पनेतले आहेत. पेपर एकच, नावं दुसरी आणि तिसरी. पहिल्याबद्दल मार्गदर्शक लिहितात की तो मेहनती आहे, वक्तशीर आहे, वर्गात पहिल्या पाचांत आहे आणि त्याचा पेपर प्रसिद्ध झाला आहे. दुसरीबद्दलच्या पत्रात एक प्रसंग आहे. मॉडेल 94 टक्के अचूक उत्तरं देत होतं आणि सगळे खूश होते. हिला तो आकडा खटकला. तिने शिकवणीचा संच आणि चाचणीचा संच शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा रीट्वीट झालेला तोच मजकूर दोन्हीकडे शेकडो वेळा आलेला तिला आढळला. म्हणजे मॉडेलने उत्तरं आधीच पाहिली होती. तिने जुळी ट्वीट काढून टाकली, प्रयोग पुन्हा केला, तेव्हा अचूकता 81 टक्क्यांवर आली आणि पेपरचं एक अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं.

समिती दुसरी फाइल बाजूला काढून ठेवते. नावांच्या यादीत ती पुढे असो वा मागे, हा पेपर उद्या परिषदेने नाकारला तरी तिच्या पत्राची किंमत तशीच राहते. पहिल्या विद्यार्थ्याच्या पत्रातून मात्र सीव्हीवर आधीच असलेल्या माहितीपलीकडे काहीच कळत नाही. त्याने कदाचित तितकंच चांगलं काम केलंही असेल, पण ते वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. आपल्या कॉलेजांतून जाणारी अनेक पत्रं अशीच असतात: विशेषणांनी भरलेली आणि प्रसंग नसलेली. काही ठिकाणी तर मजकूर विद्यार्थ्यालाच लिहून आणायला सांगतात आणि प्राध्यापक खाली सही करतात. एकाच अर्जातली तीन पत्रं एकाच हातची असली, तर ते वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं.

नावांच्या क्रमाबद्दल थोडं. कॉम्प्युटर सायन्सच्या बहुतेक शाखांत आणि जीवशास्त्रात पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं आणि शेवटचं सहसा प्रयोगशाळा चालवणाऱ्याचं. गणितात आणि सैद्धांतिक कॉम्प्युटर सायन्समध्ये नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात, त्यामुळे तिथे क्रमावरून काहीच काढता येत नाही.

वेळेचं गणितही आधी मांडायला हवं. मशीन लर्निंगमधल्या NeurIPS या मोठ्या परिषदेची पेपर पाठवायची मुदत मे महिन्यात असते आणि निकाल सप्टेंबरच्या अखेरीस लागतो. डिसेंबरच्या अर्जात 'स्वीकृत' असा शब्द लिहायचा असेल तर काम त्याच वर्षीच्या एप्रिलपर्यंत पुरं झालेलं हवं, म्हणजे सुरुवात आदल्या वर्षी. ICLR ची मुदत सप्टेंबरच्या आसपास असते आणि निकाल जानेवारीत येतो, म्हणून अर्जात तो पेपर 'परीक्षणाधीन' म्हणूनच जातो. यात कमीपणा काहीच नाही. 1991 पासून चालू असलेल्या arXiv या संग्रहावर पेपर ठेवला, तर समितीतल्या माणसाला तो उघडून वाचता येतो, आणि वाचता येणारा अप्रसिद्ध पेपर हा न दिसणाऱ्या पेपरपेक्षा कितीतरी उपयोगी. मात्र ठेवण्याआधी परिषदेचे नियम पाहावेत आणि सहलेखकांची परवानगी घ्यावी. 'लिहिण्याचं काम चालू' या ओळीला मात्र, मार्गदर्शकाने पत्रात दुजोरा दिल्याशिवाय, फारसं कुणी विचारत नाही. जानेवारीत पेपर स्वीकारला गेला तर विभागाला तसं कळवता येतं.

आता त्या आठवड्याभरात छापणाऱ्या नियतकालिकांकडे वळू. यूजीसीने एकेकाळी मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी यादी केली होती, तिच्यातली विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. त्यांनी पारखलेल्या 1009 नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची ठरली. कुठे पत्ता किंवा संपादकांची नावं धड नव्हती, कुठे इम्पॅक्ट फॅक्टर खोटा होता. त्याच वर्षी यूजीसीने चार हजारांहून जास्त नियतकालिकं यादीतून काढून टाकली.

असं नियतकालिक ओळखणं अवघड नाही. एकाच अंकात काजूप्रक्रिया, परिचर्या आणि न्यूरल नेटवर्क शेजारी शेजारी असतात. पेपर तीन दिवसांत स्वीकारला जातो आणि परीक्षकाची एकही शंका तुमच्याकडे येत नाही. आयएसएसएन क्रमांक मोठ्या अक्षरांत मिरवलेला असतो, पण तो फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. समितीतल्या प्राध्यापकाला नाव अनोळखी वाटलं तर तो ते संकेतस्थळ उघडतो आणि त्याला हेच सगळं दिसतं. मग तो पेपरपेक्षा विद्यार्थ्याच्या पारखीबद्दल विचार करू लागतो. असा पेपर कॉलेजच्या आग्रहाने आधीच छापला गेला असेल, तर तेच काम सीव्हीवर प्रकल्प म्हणून, आपण नक्की काय केलं ते सांगून मांडावं, हे मला योग्य वाटतं. अर्जात सर्व प्रकाशनांची यादी मागितली असेल तर मात्र तो पेपर लपवू नये.

विषय बदलला की अपेक्षाही बदलते. मशीन लर्निंगमध्ये स्पर्धा इतकी वाढली आहे की नामांकित ठिकाणच्या बऱ्याच अर्जदारांकडे पेपर असतो. शुद्ध गणितात तशी अपेक्षा क्वचितच असते, कारण पुढचे कठीण अभ्यासक्रम आणि ते शिकवणाऱ्यांची पत्रं जास्त बोलतात. इतिहास किंवा साहित्यासाठी अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, आणि कुठेतरी छापलेल्या लेखापेक्षा त्या पंधरा-वीस पानांवर घेतलेली मेहनत कामी येते. भारतात पीएचडी करायची असेल तर गणित आणखी वेगळं आहे. यूजीसीच्या नव्या व्यवस्थेत जेआरएफ मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते, आणि नेटच्या आधारे येणाऱ्या इतरांसाठी 70 टक्के भार परीक्षेला, 30 टक्के मुलाखतीला. पेपरचा उपयोग होतो तो मुख्यतः मुलाखतीतच, आणि तिथे त्यावर उलटतपासणीही होते.

मग ऑगस्टमध्ये, पेपर नसताना, हाती असलेल्या तीन महिन्यांचं काय करायचं? मार्गदर्शकाकडे चालू असलेल्या कामाचा एखादा छोटा भाग मागून तो पूर्ण करावा. काय करून पाहिलं, काय फसलं आणि का फसलं, याची तारखेनिशी वही ठेवावी. ऑक्टोबरच्या मध्याला त्या वहीतून एक पान उतरवून पत्र लिहिणाऱ्या सरांना किंवा मॅडमना द्यावं. त्यात विशेषणं नकोत, फक्त घडलेलं असावं: कोणती त्रुटी सापडली, कोणता प्रयोग तुमच्या सुचवण्यावरून झाला, कोणती आकृती तुम्ही काढली. वर्षभरात पन्नास विद्यार्थी हाताखालून जाणाऱ्या प्राध्यापकांना हे तपशील आठवत नसतात. पान समोर असलं की पत्र त्यांच्याच शब्दांत, पण तुमच्या कामाबद्दल लिहिलं जातं. आणि पत्र पाठवण्यासाठी त्यांना निदान तीन आठवडे द्यावेत.