अंक छपाईला गेला, आता विचारा

“अंक छान झाला. सगळ्यांचे मनापासून आभार. काही सूचना असतील तर जरूर कळवा.” दिवाळी अंकाची शेवटची पीडीएफ छापखान्यात पोहोचली की असा मेसेज ग्रुपवर पडतो. खाली चार-पाच जोडलेले हात येतात, कुणी ‘मजा आली’ लिहितं आणि विषय तिथेच मिटतो. पुढच्या वर्षी अंकाच्या तोंडावर तीच माणसं त्याच कारणांवरून पुन्हा वैतागतात. मांडणी करणारा म्हणतो, “मागच्या वेळीही हेच झालं होतं.” मग मागच्या वेळी तो बोलला का नाही? कारण त्याला बोलता येईल असं कुणी काही विचारलंच नव्हतं.

काम संपल्यावर बरोबरीच्या सहकाऱ्यांना ‘माझ्या कामात काय अडलं’ हे विचारणं हे एक कौशल्य आहे आणि ते शिकता येतं. ऑफिसातलं सॉफ्टवेअर असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, पद्धत तीच. इथे दिवाळी अंकाचं उदाहरण घेते, कारण त्यात वेगवेगळ्या हातांची माणसं काही महिने एकमेकांच्या कामावर अवलंबून असतात आणि कुणीच कुणाचा साहेब नसतो. समजा, तुम्ही अंकाचं समन्वयाचं काम पाहिलंत. लेखकांकडून मजकूर आणणं, तो मुद्रितशोधनाला देणं, पानं लावून घेणं, जाहिरातींच्या जागा ठरवणं हे सगळं तुमच्या हातून गेलं. तुमचं काम कुठे लंगडलं हे संपादकांपेक्षा मांडणीकाराला, मुद्रितशोधकाला आणि जाहिराती पाहणाऱ्याला जास्त नेमकं ठाऊक असतं. तुमच्या उशिराची किंमत त्यांनी रात्री जागून मोजलेली असते. पण त्यांना तुमच्याबरोबर पुन्हा काम करायचं असतं, म्हणून ते आपणहून काही बोलत नाहीत.

अशा वेळी प्रश्न कसा विचारावा, याचं फार चांगलं उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांवरच्या कामातून मिळालं. जॉन फ्लॅनगन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तेव्हा हवाई दलासाठी काम करत होते. वैमानिकाच्या प्रशिक्षणातून मुलं का गळतात हे शोधताना त्यांच्या गटाने प्रशिक्षकांचे शेरे तपासले. त्यांत ‘उपजत उड्डाणकौशल्य नाही’, ‘निर्णयशक्ती कमी’, ‘पुरेशी प्रगती नाही’ अशी ठोकळेबाज वाक्यं होती. त्यांवरून प्रशिक्षणात काय बदलायचं हे कळेना. पुढे लढाईवरून परतलेल्या वैमानिकांना वेगळ्या तऱ्हेने विचारलं गेलं: उड्डाणात तुम्हाला दिशेचं भान सुटल्यासारखं झालं असा एखादा प्रसंग आठवा, त्या वेळी तुम्ही काय पाहिलं, ऐकलं, तुम्हाला काय जाणवलं ते सांगा. या उत्तरांतून कॉकपिट आणि त्यातल्या उपकरणांच्या मांडणीत काय बदलावं याच्या सूचना निघाल्या. फ्लॅनगन यांनी ही पद्धत १९५४मध्ये सविस्तर मांडली. तिचं सार साधं आहे. माणसाला मत विचारलं की तो शेरा देतो, प्रसंग विचारला की माहिती देतो.

आता हे आपल्या अंकाला लावून पाहू. मांडणीकाराला “माझं को-ऑर्डिनेशन कसं वाटलं?” असं विचारलं तर तो “छानच होतं की” म्हणणार. त्याऐवजी हा मेसेज पाहा:

“दादा, अंकाची पानं लावताना माझ्याकडून आलेल्या एखाद्या बदलामुळे तुम्हाला लावलेली पानं पुन्हा लावावी लागली का? असा सगळ्यात त्रासाचा एक प्रसंग सांगाल? कुठला बदल होता, आणि तो तुम्हाला किती आधी कळायला हवा होता? दोन ओळी किंवा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज पुरे.”

यात चार गोष्टी बांधलेल्या आहेत. कामाचा टप्पा ठरलेला आहे. तुमची कुठली कृती तपासायची ते ठरलेलं आहे. मागितलेला प्रसंग एकच आहे, त्यामुळे तक्रारींची यादी करण्याचं दडपण नाही. आणि उत्तराची लांबी आधीच सांगितली आहे. बिनमापाच्या प्रश्नाला ‘निवांत लिहितो’ असं उत्तर येतं आणि तो निवांतपणा कधीच येत नाही, म्हणून ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची.

आणखी एक बारकावा आहे. प्रश्न ‘तुम्ही’ या माणसाबद्दल नाही, पानं आणि बदल यांबद्दल आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनीसी यांनी १९९६मध्ये प्रतिसादाच्या परिणामांवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरीने प्रतिसादाचा फायदा होत होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा कामगिरी उलट खालावली होती. लक्ष कामावरून उठून स्वतःवर, म्हणजे ‘मी कसा आहे’ याच्यावर गेलं की प्रतिसादाचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. ‘तू फार घाई करतेस’ हे ऐकून माणूस दुखावतो. ‘कवितांची पानं सहाची नऊ झाली हे मला दोन दिवस उशिरा कळलं’ हे ऐकून तो कामाला लागतो. दुसऱ्या प्रकारचं उत्तर हवं असेल तर प्रश्नच त्या दिशेने वळवावा लागतो.

मुद्रितशोधकांसाठी प्रश्न वेगळा हवा, कारण त्यांची वाट वेगळी. “ताई, दुसरं प्रूफ वाचताना मी पाठवलेल्या गठ्ठ्यात कुठली गोष्ट नव्हती, जी असती तर तुमचा वेळ वाचला असता?” जाहिरातींचं काम पाहणाऱ्याला विचारावं, “एखाद्या जाहिरातदाराला सांगितलेली जागा माझ्यामुळे बदलावी लागली का? ती तुम्हाला कधी कळली?” एकच फॉर्म तिघांना पाठवण्याचा मोह होतो. पण सगळ्यांना चालेल असा प्रश्न कुणालाच नीट बसत नाही.

प्रश्न पाठवण्याआधी त्याची एक परीक्षा घेता येते. या कामात नसलेल्या माणसालाही त्याचं उत्तर देता येईल का? ‘काय सुधारता येईल?’ याला कुणीही ‘संवाद वाढवा’ म्हणू शकतं. ‘दुसऱ्या प्रुफाच्या गठ्ठ्यात काय नव्हतं?’ याचं उत्तर फक्त ताईंकडे आहे. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले तर उत्तरं येतात. पाच विचारले तर पहिल्या दोनांची नीट येतात आणि बाकीच्यांना ‘ठीक’ मिळतं, असा माझा अनुभव आहे.

आता वेळ. ज्या रात्री पीडीएफ गेली त्याच रात्री विचारू नये. माणसं दमलेली असतात आणि शेवटच्या दिवसाची चिडचिड सगळ्या महिन्यांवर पसरते. एक-दोन दिवसांची झोप झाली की विचारावं आणि आठवडा उलटू देऊ नये. आठवणी पुसट होतात हे याचं एक कारण. दुसरं कारण त्याहून अडचणीचं आहे: निकाल कळला की आठवणी बदलतात. १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांवर निघाले, तेव्हा बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी लोकांकडून आधीच अंदाज घेतले होते की दौऱ्यात अमुक घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्याच लोकांना त्यांचे जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं त्यांना आठवू लागलं. अंकाचंही तसंच होतं. तो खपला तर ‘प्लॅनिंग उत्तम होतं’, पडून राहिला तर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’. म्हणून अंक छापून स्टॉलवर यायच्या आधीचे दिवस सोन्यासारखे. काम संपलेलं असतं आणि निकाल अजून कुणालाच माहीत नसतो.

मेसेज ग्रुपवर टाकू नये, एकेकाला वेगळा पाठवावा. ग्रुपवर पहिलं उत्तर ‘सगळं मस्त’ असं आलं की पुढच्याला वेगळं बोलणं अवघड होतं.

समजा, उत्तरं अशी आली. मांडणीकार सांगतो, कवितांची पानं वाढल्याचं कळलं तेव्हा पुढचा सोळा पानांचा फॉर्म लावून झाला होता. सगळी पानं सरकवावी लागली. जाहिराती पाहणारा सांगतो, एका जाहिरातदाराला कथेसमोरचं उजवं पान सांगितलं होतं, ते डावीकडे गेलं, आणि हे त्याला पीडीएफ पाहून कळलं. ताई सांगतात, दुसऱ्या प्रुफाबरोबर खुणा केलेलं पहिलं प्रूफ आलं नाही, त्यामुळे दुरुस्त्या झाल्या की नाही हे पाहायला सगळं नव्याने वाचावं लागलं.

पहिली दोन उत्तरं शेजारी ठेवली की दिसतं की ती एकाच घटनेची दोन टोकं आहेत. पानं सरकली म्हणूनच उजवं पान डावीकडे गेलं. दोष कवितांचा नाही. अंकाची डमी, म्हणजे कुठल्या पानावर काय याचा तक्ता, तुम्ही मनात बदलली आणि दोघांपैकी कुणालाच नवी पाठवली नाही. उपाय लगेच लिहून ठेवता येतो: डमी एकच, वर तारीख, आणि बदल झाला की त्याच दिवशी ती दोघांना जाणार. ताईंच्या उत्तराचा उपाय आणखी सोपा आहे. दुसरं प्रूफ पहिल्याशिवाय पाठवायचं नाही.

उत्तर आल्यावर स्पष्टीकरण देण्याची फार इच्छा होते. कवीच उशिरा जागे झाले हे खरंही असतं. तरी ते सांगू नये. एकदा बचाव ऐकला की पुढच्या वर्षी दादा पुन्हा ‘छानच होतं की’वर येतात. “कळलं, डमीचं मी असं करणार आहे” एवढंच कळवावं आणि नव्या अंकाच्या पहिल्या बैठकीत तसं करून दाखवावं.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सहकारी तुमच्या कामाचा आपल्याला लागलेला भागच पाहतो. मजकुराची निवड बरोबर होती का, हे मांडणीकाराला विचारून कळणार नाही. तिथे वाचक हवेत. मानधन थकलं, कुणी अपमान केला, त्रास दिला, अशा गोष्टी दोन ओळींच्या मेसेजमध्ये मागू नयेत. त्यासाठी संपादकांनी किंवा मालकांनी समोर बसूनच बोललं पाहिजे. आणि ज्याचं पुढचं काम तुमच्या शब्दावर ठरतं, तो बरोबरीचा नसतो. त्याच्याकडून गोड उत्तर आलं तर त्याच्यावर फार भार टाकू नका.

तुमच्या हातातलं काम कधी संपणार ते तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या दिवसापुढे तीन नावं आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न आजच लिहून ठेवा. काम संपलं की लगेच दुसरं सुरू होतं आणि प्रश्न तेव्हा सुचत नाहीत.